जाहिराती नकोत एवढ्यासाठी यूट्यूबचा लाइट घ्यावा की पूर्ण प्रीमियम?

प्रश्न: मला मुख्यतः जाहिराती नको आहेत. पण फोनची स्क्रीन बंद करून ऐकणे, दुसरे ॲप उघडले तरी छोट्या खिडकीत व्हिडिओ चालू राहणे आणि इंटरनेट नसताना बघण्यासाठी डाउनलोड, याही गोष्टी लागतात. स्वस्तातला लाइट प्लॅन पुरेल, की प्रीमियमच घ्यावा लागेल?

उत्तर:

मी बरीच वर्षे फोनवरील व्हिडिओ ॲपचे प्लेअर तयार करण्याच्या कामात आहे आणि ओळखीतले लोक हा प्रश्न मला वारंवार विचारतात. बहुतेकांची समजूत अशी असते की लाइट म्हणजे जाहिरातमुक्त यूट्यूब आणि प्रीमियम म्हणजे त्यावर आणखी काही सोयी. खरी विभागणी तशी नाही. दोन प्लॅनमधली रेघ व्हिडिओच्या प्रकारावरून जाते: एका बाजूला संगीत आणि शॉर्ट्स, दुसऱ्या बाजूला बाकी सगळे. तुम्ही काय बघता यापेक्षा काय ऐकता, हे आधी तपासा. निर्णय बहुतांशी तिथेच होतो.

लाइटच्या अटींमध्येच असे लिहिलेले आहे की संगीताच्या व्हिडिओंवर, शॉर्ट्सवर आणि शोधताना किंवा चाळताना जाहिराती दिसू शकतात. म्हणजे ‘जाहिरातमुक्त’ हे वर्णन व्याख्याने, मुलाखती, बातम्या, पाककृती, दुरुस्तीचे व्हिडिओ अशा सामग्रीला लागू पडते, गाण्यांना नाही. या भेदामागे तांत्रिक अडचण नसून हक्कांचा हिशेब आहे. गाण्याच्या व्हिडिओचे हक्क संगीत कंपन्यांकडे, गीतकार-संगीतकारांकडे आणि प्रकाशकांकडे विभागलेले असतात. स्क्रीन बंद करून गाणे ऐकणे म्हणजे प्रत्यक्षात एक संगीत सेवा वापरणे झाले आणि त्याचे पैसे वेगळे मोजावे लागतात. म्हणून प्रीमियममध्ये यूट्यूब म्युझिकचे सशुल्क सदस्यत्व अंतर्भूत असते आणि लाइटमध्ये ते नसते. जो निर्माता व्हिडिओच्या मध्येच स्वतः एखाद्या प्रायोजकाची भलामण करतो, ती मात्र दोन्ही प्लॅनमध्ये तशीच राहते, कारण ती जाहिरात व्हिडिओचाच भाग असते. ‘पैसे भरूनही जाहिरात दिसते’ अशी तक्रार माझ्यापर्यंत येते तेव्हा निम्म्या वेळा ती याच प्रकारची असते.

लाइटचा स्वतःचा इतिहासही लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०२१ साली युरोपातील काही देशांत तो प्रायोगिक स्वरूपात आला, २०२३ मध्ये तो प्रयोग बंद झाला, पुढे तो पुन्हा काही देशांत आणि मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत सुरू झाला. अमेरिकेत आला तेव्हा त्यात स्क्रीन बंद असताना प्लेबॅकही नव्हता आणि डाउनलोडही नव्हते. जाहिराती कमी करणे एवढाच त्याचा वायदा होता. अशा प्लॅनच्या अटी देशानुसार आणि काळानुसार बदलतात, त्यामुळे एखाद्या जुन्या तुलनेवर विसंबून पैसे भरू नका. पैसे भरण्याआधी जे पान उघडते, त्यावरील सोयींची यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि ‘Background play’ किंवा ‘Downloads’ हे शब्द दिसले तरी त्यांच्याबरोबर संगीत आणि शॉर्ट्स वगळल्याची टीप आहे का, ते बघा. त्या टिपेमुळे ‘सोय आहे’ आणि ‘सोय आपल्या उपयोगाची आहे’ यांत मोठा फरक पडतो.

आता तुम्ही विचारलेल्या तीन गोष्टी. वापरणाऱ्याला त्या एकाच कुटुंबातल्या वाटतात, पण आतून त्या तीन वेगळ्या यंत्रणा आहेत आणि प्रत्येकीच्या दारावर वेगळा द्वारपाल उभा आहे. पहिलीला खात्याची परवानगी लागते आणि फोनच्या बॅटरी व्यवस्थेची कृपाही. दुसरीला फोनच्या ऑपरेटिंग सिस्टिमची परवानगी लागते. तिसरीला ठराविक मुदतीचा परवाना लागतो.

स्क्रीन बंद असताना ऐकण्यापासून सुरुवात करू, कारण बहुतेक पैसे याच सोयीसाठी मोजले जातात आणि गोंधळही इथेच जास्त होतो. अँड्रॉइडवर एखादे ॲप डोळ्यांआड असताना आवाज चालू ठेवायचा असेल, तर त्याला सिस्टिमला उघडपणे सांगावे लागते की मी काम करत आहे. त्याची खूण म्हणजे सूचनांच्या पट्टीत आणि लॉक स्क्रीनवर दिसणारी प्ले-पॉजची पट्टी. आयफोनवर तीच खूण लॉक स्क्रीनवर आणि कंट्रोल सेंटरमध्ये दिसते. या पट्टीचा उपयोग निदानासाठी फार चांगला होतो. व्हिडिओ सुरू करून स्क्रीन बंद करा. आवाज त्याच क्षणी थांबला आणि पट्टी दिसलीच नाही, तर अडचण परवानगीची आहे: प्लॅनमध्ये ती सोय नाही, त्या प्रकारच्या व्हिडिओसाठी नाही, किंवा ॲपच्या सेटिंगमध्ये ती बंद आहे. यूट्यूब ॲपच्या ‘Settings’मध्ये ‘Background & downloads’ या विभागात ‘Background play’ असते; तिथे ती नेहमी चालू, नेहमी बंद किंवा फक्त हेडफोन अथवा बाहेरचा स्पीकर जोडलेला असताना चालू, असे पर्याय असतात. हेडफोनचा पर्याय निवडून नंतर विसरून गेलेली माणसे मी बरीच पाहिली आहेत. त्यांना वाटते की सोय कधी चालते, कधी चालत नाही.

आवाज काही मिनिटे नीट चालून मग थांबला, तर दोष प्लॅनचा नसतो. तो बहुतेक वेळा फोनच्या बॅटरी वाचवणाऱ्या व्यवस्थेचा असतो. माझ्याच एका फोनवर हे घडत असे: स्क्रीन बंद करून लांबलचक मुलाखत लावायची, साधारण दहा-बारा मिनिटांनी शांतता पसरायची आणि पट्टीही गायब व्हायची. फोन उत्पादकाने ॲपवर स्वतःचे जादा निर्बंध लावलेले होते. फोनच्या सेटिंगमध्ये ‘Apps’, तिथे यूट्यूब, त्याखाली ‘Battery’ आणि तिथे ‘Unrestricted’ निवडल्यावर प्रश्न संपला. शब्द प्रत्येक फोनवर थोडे वेगळे असतात, पण जागा हीच असते. तिसरी शक्यताही आहे: बराच वेळ स्क्रीनला हात न लागल्यास यूट्यूब स्वतःच थांबते आणि पुढे बघायचे का, असे विचारते. फोन उचलल्यावर तसा प्रश्न स्क्रीनवर दिसला तर बॅटरीच्या सेटिंगमध्ये डोके घालू नका. लगेच थांबणे, काही मिनिटांनी थांबणे आणि प्रश्न विचारून थांबणे, या तिन्हींची कारणे वेगळी आहेत आणि कुठलाही प्लॅन बदलण्याआधी आपला प्रकार यातला कोणता, ते ओळखायला हवे.

एक चूक अगदी सामान्य आहे, ती इथेच सांगतो. फोनवर दोन-तीन खाती असतात आणि सदस्यत्व त्यातल्या एकाच खात्याला जोडलेले असते. ॲप दुसऱ्या खात्यावर उघडे असेल तर पैसे भरूनही एकही सोय चालत नाही आणि जाहिराती मात्र पहिल्यासारख्या येतात. प्रीमियम चालू असलेल्या खात्यात ॲपच्या वरच्या कोपऱ्यात बोधचिन्हाशेजारी ‘Premium’ असे लिहिलेले दिसते. ते दिसत नसेल तर आधी खाते तपासा.

दुसरी सोय म्हणजे छोटी खिडकी. इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. यूट्यूब ॲपच्या आतच व्हिडिओ खाली सरकवल्यावर तळाशी जी छोटी पट्टी येते, ती मिनीप्लेअर. तिच्यासाठी सदस्यत्व लागत नाही. ॲपमधून बाहेर पडल्यावर दुसऱ्या ॲपवर तरंगणारी खिडकी म्हणजे पिक्चर-इन-पिक्चर. ही सोय मुळात ऑपरेटिंग सिस्टिमची आहे: अँड्रॉइड फोनवर ती २०१७ च्या ८.० आवृत्तीपासून आणि आयफोनवर २०२० च्या आयओएस १४ पासून आहे. ती वापरायची की नाही हे ॲप ठरवते, त्यामुळे सिस्टिममध्ये सोय असूनही यूट्यूबमध्ये ती मिळेलच असे नाही. अमेरिकेत संगीतेतर व्हिडिओंसाठी ती बराच काळ सदस्यत्वाशिवायही मिळत आली आहे. इथेही रेघ संगीतावरूनच गेलेली दिसते. तेव्हा केवळ या खिडकीसाठी प्रीमियम घेण्याचा विचार असेल, तर आधी काहीही पैसे न भरता तपासून बघा: एखादी मुलाखत लावून होम बटण दाबा किंवा खालून वर सरकवा. ‘मागे’ची क्रिया केली तर मिनीप्लेअर येतो आणि त्यावरून चुकीचा निष्कर्ष निघतो.

खिडकी येत नसेल तर दोन ठिकाणी पाहावे लागते. एक, यूट्यूब ॲपच्या सेटिंगमधील पिक्चर-इन-पिक्चरचे बटण. दोन, फोनच्या सेटिंगमधील परवानगी: अँड्रॉइडवर ती ‘Special app access’मध्ये ‘Picture-in-picture’ या नावाने असते, तर आयफोनवर ‘General’मध्ये ‘Picture in Picture’ असते आणि तिथे ‘Start PiP Automatically’ चालू असावे लागते. यांपैकी एक बंद असले तरी खिडकी येत नाही आणि दोष प्लॅनच्या माथी मारला जातो.

या दोन सोयी एकमेकींत कशा गुंततात तेही सांगतो, कारण वापरताना याचेच आश्चर्य वाटते. दोन्ही मिळालेल्या खात्यात ॲपमधून बाहेर पडल्यावर आधी खिडकी येते. ती खिडकी फुलीने बंद केली की व्हिडिओही थांबतो, कारण सिस्टिमच्या दृष्टीने तुम्ही प्लेअरच बंद केलेला असतो. ज्यांना फक्त आवाज हवा आणि खिडकीचा अडथळा नको, त्यांनी ॲपमधले पिक्चर-इन-पिक्चरचे बटण बंद करावे. मग बाहेर पडताच खिडकी न येता आवाज मागे चालू राहतो. हे बटण शोधायला कोणी जात नाही आणि लोक रोज फुली दाबून चिडतात. याउलट ज्यांच्याकडे खिडकीची सोय आहे पण स्क्रीन बंद करून ऐकण्याची नाही, त्यांनी असे समजू नये की खिडकी उघडी ठेवून फोन लॉक केला की काम भागेल. स्क्रीन बंद झाली की व्हिडिओ थांबतो. खिडकी ही बघण्याची सोय आहे, ऐकण्याची नाही.

डाउनलोडबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण ‘डाउनलोड’ या शब्दातून जी अपेक्षा निर्माण होते ती इथे पूर्ण होत नाही. व्हिडिओची फाइल तुमच्या गॅलरीत येत नाही, दुसऱ्याला पाठवता येत नाही आणि दुसऱ्या ॲपमध्ये उघडत नाही. ती ॲपच्या आत कुलूपबंद स्वरूपात साठते आणि तिच्याबरोबर मुदतीची किल्ली असते. सशुल्क सदस्यत्वात ही मुदत २९ दिवसांपर्यंत असते. त्या काळात फोन एकदा तरी इंटरनेटला जोडला गेला पाहिजे, म्हणजे ॲप सदस्यत्व चालू आहे का आणि व्हिडिओ अजून उपलब्ध आहे का, हे विचारून किल्ली नवी करते. याचे तीन परिणाम होतात. सदस्यत्व संपले की डाउनलोड फोनवर जागा अडवून असले तरी उघडत नाहीत. निर्मात्याने व्हिडिओ काढून टाकला किंवा खासगी केला, तर पुढच्या वेळी इंटरनेटला जोडल्यावर तुमची प्रतही जाते. आणि ॲप काढून पुन्हा टाकले किंवा त्याचा डेटा साफ केला, तर सगळी डाउनलोड नाहीशी होतात. जागा मोकळी करणारी ॲप वापरणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

जागेचा अंदाज आधीच बांधता येतो. ७२० पिक्सेलच्या व्हिडिओसाठी सरासरी सेकंदाला १.५ मेगाबिट धरले, तर एका तासाला सुमारे ६७५ मेगाबाइट होतात. ४५ मिनिटांची आठ व्याख्याने म्हणजे सहा तास, म्हणजे साधारण ४ गिगाबाइट. ज्यात फळा किंवा स्लाइड जवळजवळ स्थिर असते त्या व्याख्यानाला याहून बरीच कमी जागा लागते आणि धावत्या दृश्यांच्या व्हिडिओला जास्त. जागा कमी असेल तर व्याख्यानासाठी ३६० पिक्सेलचा दर्जा फोनच्या स्क्रीनवर बहुतेक वेळा चालून जातो. अक्षरे बारीक असतील तर मात्र नाही. डाउनलोड वाय-फायवरच व्हावे असे बटण त्याच ‘Background & downloads’ विभागात असते. ते चालू असताना मोबाइल डेटावर डाउनलोड रांगेत थांबून राहते आणि प्रवासाच्या सकाळी लोकांना वाटते की सोय बंद पडली. म्हणून माझा नियम असा की निघण्याच्या आदल्या रात्री फोन विमान मोडमध्ये टाकायचा, डाउनलोडची यादी उघडायची आणि प्रत्येक व्हिडिओ पाच सेकंद चालवून बघायचा. अर्धवट उतरलेला व्हिडिओ यादीत दिसतो, पण चालत नाही. तो घरीच उघडकीस आलेला बरा.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण. माझ्या मावसभावाने हाच प्रश्न विचारला तेव्हा मी त्याला प्लॅनची तुलना वाचायला न सांगता आठवड्याचा इतिहास उघडायला लावला. सात दिवसांत शॉर्ट्स सोडून ४१ व्हिडिओ होते. त्यातले २९ व्याख्याने, मुलाखती आणि दुरुस्तीचे, १२ संगीताचे. संख्येवरून पाहिले तर लाइट सहज पुरला असता आणि तो तसेच म्हणतही होता. मग आम्ही वेळ मांडला. संगीताचे १२ व्हिडिओ म्हणजे तासाभराच्या मैफली आणि लांब गाण्यांच्या याद्या होत्या. त्यांचा वेळ नऊ तास भरला. बाकीच्या २९ व्हिडिओंचा साडेसहा तास. नऊ तासांपैकी जवळजवळ सगळे ऐकणे चालताना आणि काम करताना, स्क्रीन बंद करून. म्हणजे ज्या भागासाठी त्याला सोय हवी होती, नेमका तोच भाग लाइटच्या रेघेपलीकडे होता. त्याचे दुसरे कोणतेही संगीत ॲपचे सदस्यत्व नव्हते, म्हणून त्याच्यासाठी प्रीमियम हाच सरळ हिशेब ठरला.

त्याच्या बायकोचा इतिहास आम्ही त्याच बैठकीत पाहिला आणि उत्तर उलटे आले. तिच्या यादीत संगीत जवळजवळ नव्हतेच, कारण गाण्यांसाठी ती आधीपासून वेगळ्या सशुल्क ॲपवर होती. ती लांब मुलाखती स्क्रीनकडे बघत बघत ऐकते, शॉर्ट्स फारसे उघडत नाही आणि डाउनलोड वर्षातून दोन-तीनदा करते. तिने प्रीमियम घेतले असते तर त्यातल्या संगीताचे पैसे दुसऱ्यांदा मोजले असते. तिला लाइट पुरला. याच्या उलट चूकही लोक करतात: लाइट घेतात आणि संगीतासाठी यूट्यूब म्युझिकचे वेगळे सदस्यत्व जोडतात. या दोन्हींची बेरीज प्रीमियमच्या शेजारी मांडून बघा. अनेकदा ती प्रीमियमच्या पुढे जाते. आणि एका घरात तिघे-चौघे वापरणारे असतील तर प्रीमियमच्या कौटुंबिक प्लॅनमध्ये घेणाऱ्याखेरीज आणखी पाच जण येतात, तेव्हा दरडोई हिशेब पुन्हा बदलतो. मावसभावाच्या घरी मात्र मुले लहान होती, म्हणून तो मुद्दा आला नाही.

तुमच्या इतिहासात संगीताचा वेळ किती आणि त्यातला स्क्रीन बंद असतानाचा वेळ किती, हे दोन आकडे काढा. दुसरा आकडा आठवड्याला तासभराच्या आत असेल तर मी लाइटच घेईन, अर्थात तुमच्याकडच्या लाइटमध्ये संगीतेतर व्हिडिओंसाठी स्क्रीन बंद असतानाचा प्लेबॅक आणि डाउनलोड दिलेले असतील तरच; ते नसतील तर तुम्ही मागितलेल्या तीनपैकी दोन गोष्टी हातच्या जातात आणि केवळ जाहिराती कमी होतात. आकडा त्याहून मोठा असेल आणि दुसरे संगीत ॲप नसेल, तर प्रीमियम घ्या. जे व्हिडिओ सीमेवरचे आहेत, उदाहरणार्थ गायनाचे धडे किंवा संगीतकाराची गाण्यांसह मुलाखत, ते संगीतात मोडतात की नाही हे यूट्यूब ठरवते, आपण नाही; असे पाच-सहा व्हिडिओ पहिल्याच दिवशी स्क्रीन बंद करून चालवून बघा.

आयफोनवर असाल तर पैसे ॲपमधून न भरता ब्राउझरमध्ये यूट्यूबच्या संकेतस्थळावर जाऊन भरा, कारण ॲपमधून घेतलेले सदस्यत्व अनेक ठिकाणी महाग पडते आणि रद्द करायचे झाले तर ते ॲपलच्या सदस्यत्वांच्या यादीत जाऊन करावे लागते. प्रीमियमवरून लाइटवर उतरणार असाल तर लांबच्या प्रवासाच्या तोंडावर ते करू नका. प्रीमियममध्ये उतरवलेली गाणी प्लॅन बदलल्यावर उघडतील, या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.